डोळ्याच्या ड्रॉप्सची बाटली टाकायची तारीख: अठ्ठावीस दिवस कसे मोजायचे आणि कुठे लिहायचे

डोळ्यात घालायच्या ड्रॉप्सच्या बाटलीला दोन तारखा असतात. पहिली छापलेली एक्सपायरी. ती सील न तोडलेल्या बाटलीची असते. दुसरी तारीख बाटली उघडल्यानंतरची. ती कंपनी छापू शकत नाही, कारण तुम्ही बाटली कधी उघडणार हे तिला ठाऊक नसतं. लेबलवर फक्त बारीक अक्षरात एक ओळ असते: उघडल्यापासून २८ दिवसांत, किंवा एक महिन्यात, वापरून टाकावे. त्या ओळीवरून नेमकी तारीख काढून बाटलीवर लिहिणं हे घरच्या माणसाचं काम आहे, आणि बहुतेक घरांत तेच राहून जातं. बाटली मग सहा-सहा महिने फ्रीजच्या दारात पडून असते आणि डोळा चुरचुरला की पुन्हा बाहेर निघते.

इथे मुख्यतः काचबिंदूसारख्या दुखण्यासाठी रोज, वर्षानुवर्षे घालायच्या ड्रॉप्सबद्दल लिहिलं आहे, कारण तारखेचा खरा गुंता तिथेच होतो. सिरपचं शेवटी घेतलं आहे. त्याचे नियम थोडे वेगळे आहेत.

अठ्ठावीसच का

सील असलेल्या बाटलीतलं औषध निर्जंतुक असतं. टोपण पहिल्यांदा निघालं की ती अवस्था संपते. बाटली दाबून थेंब पाडला आणि बोट सैल केलं की बाटली पुन्हा फुगते आणि तेवढी हवा आत ओढून घेते. नळीच्या टोकावर लोंबकळत राहिलेला अर्धा थेंबही त्या हवेबरोबर आत जातो. टोक जर पापणीला, पापणीच्या केसांना किंवा बोटाला लागलेलं असेल, तर तिथले जंतूही आत जातात. काळजी घेणाऱ्या माणसाकडूनही हे अधूनमधून होतंच.

म्हणून अनेक वेळा वापरायच्या ड्रॉप्समध्ये जंतूंना रोखणारं एक रसायन मिसळलेलं असतं. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे त्यातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं. हे रसायन पुरेसं काम करतं की नाही हे तपासण्यासाठी औषधात मुद्दाम जीवाणू आणि बुरशी सोडतात आणि ठरावीक दिवसांनी त्यातले किती उरले ते मोजतात. औषधसंहितेतली ही चाचणी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत चालते. चार आठवड्यांचा आकडा या चौकटीशी जुळणारा आहे. त्याच्या पुढची खात्री सहसा कोणी दिलेली नसते.

एकोणतिसाव्या दिवशी औषधाचं विष होतं असा याचा अर्थ नाही. मात्र उलट बाजूची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: बाटलीत जंतू वाढलेत की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. थेंबात लाखो जीवाणू असले तरी तो पाण्यासारखा स्वच्छ दिसू शकतो. औषध गढूळ दिसायला लागतं ते फार उशिरा. त्यामुळे उजेडात धरून ‘चांगलंच दिसतंय की’ म्हणणं ही तपासणी नव्हे. आपल्या हातात फक्त तारीख आहे.

दिवस मोजायला सुरुवात कधी

सील तुटलं त्या दिवसापासून. विकत आणल्याच्या दिवसापासून नाही, आणि त्या बाटलीतला पहिला थेंब दुसऱ्या डोळ्यात कधी घातला त्यावरूनही नाही.

आपल्याकडच्या पुष्कळ ड्रॉप्सच्या बाटल्यांत नळीचं टोक बंदच असतं आणि टोपणाच्या आत एक छोटा टोकदार काटा असतो. टोपण घट्ट आवळत नेलं की तो काटा टोक भोसकतो, मग टोपण उलटं फिरवून काढायचं. हे भोक पडतं तो क्षण म्हणजे बाटली उघडणं. दुकानात ‘टोचून देऊ का?’ असं विचारलं तर नको म्हणावं. घरी चार दिवस पडून राहणार असेल तर ते चार दिवस फुकट गेले. टाचणी, सुई किंवा कात्रीच्या टोकानं भोक पाडणं तर कटाक्षानं टाळावं. सुईबरोबर जंतू आत जातात, भोक वाकडंतिकडं पडतं, थेंब मोठा पडतो आणि बाटली वेळेआधी रिकामी होते. टोपणाच्या काट्यानं पडणारं भोक ठरलेल्या मापाचं असतं, थेंबाचं माप त्यावरच अवलंबून आहे.

तारीख काढायची सोपी रीत

अठ्ठावीस दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे. त्यामुळे तारखेपेक्षा वार धरणं सोपं पडतं. बाटली मंगळवारी उघडली, तर चार आठवड्यांनी येणाऱ्या मंगळवारी ती टाकायची. उघडल्याचा दिवस पहिला धरला तर सोमवारी रात्री अठ्ठावीस दिवस पुरे होतात. मंगळवारचा पहिला थेंब नव्या बाटलीचा.

कॅलेंडर हाताशी नसेल तर महिना बघून वजाबाकी करावी. उघडल्याचा महिना ३० दिवसांचा असेल तर पुढच्या महिन्यात दोन तारखा मागे, ३१ दिवसांचा असेल तर तीन तारखा मागे. फेब्रुवारीत उघडली तर पुढच्या महिन्यात तीच तारीख, लीप वर्ष असेल तर एक मागे. १० जूनला उघडलेली ८ जुलैला टाकायची, १० जुलैला उघडलेली ७ ऑगस्टला. महिन्याच्या अगदी सुरुवातीला उघडली असेल तर टाकायची तारीख त्याच महिन्यात येते: १ जुलैला उघडलेली २९ जुलैला.

लेबलवर ‘एक महिना’ असं लिहिलेलं असेल तरी चार आठवडेच धरावेत. दोन्ही सूचना त्यात पाळल्या जातात, आणि घरात दोन प्रकारचे ड्रॉप्स असतील तर हिशेब एकच राहतो.

आता दुसरी अट. छापलेली एक्सपायरी आणि तुम्ही काढलेली तारीख, यांतली जी आधी येईल ती खरी. एक्सपायरी महिना आणि वर्ष अशी छापलेली असते आणि तिचा अर्थ त्या महिन्याचा शेवटचा दिवस असा होतो. समजा ९ जून २०२६ला, मंगळवारी, बाटली उघडली. चार आठवड्यांच्या हिशेबानं ती ७ जुलैला टाकायची. पण बाटलीवर ०६/२०२६ असं छापलं असेल, तर ३० जूनलाच तिचं काम संपलं. म्हणून बाटली विकत घेतानाच एक्सपायरी निदान दोन महिने पुढची आहे ना, हे काउंटरवरच पाहून घ्यावं.

रोजच्या ड्रॉप्ससाठी हीच बाटली पुढे नेऊन पाहू. ७ जुलैला दुसरी, ४ ऑगस्टला तिसरी, १ सप्टेंबरला चौथी, आणि २९ सप्टेंबरला पाचवी. सगळे मंगळवारच. सप्टेंबरात दोन बाटल्या उघडाव्या लागल्या, हे बघा. वर्षात चार आठवड्यांचे तेरा टप्पे बसतात, बारा नाही. ‘महिन्याला एक’ या हिशेबानं वर्षाच्या बारा बाटल्या आणणाऱ्या माणसाची एक बाटली दरवर्षी कमी पडते, आणि ती तूट जुनी बाटली आणखी थोडी ओढून भरून काढली जाते. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना आणि केमिस्टला सांगताना तेरा बाटल्यांचा हिशेब सांगावा. एकदा वार ठरला की घरातल्या सगळ्यांना तो तोंडपाठ होतो. कॅलेंडरवर वर्षभराच्या त्या तेरा मंगळवारांना एकदाच गोल करून ठेवले की झालं.

कुठे आणि कशानं लिहायचं

खोक्यावर लिहू नये. खोकं दोन दिवसांत कचऱ्यात जातं, किंवा त्यात दुसरीच बाटली जाऊन बसते. तारीख बाटलीवरच हवी.

बाटलीचं प्लास्टिक मऊ आणि गुळगुळीत असतं. बॉलपेन त्यावर घसरतं, आणि उमटलंच तर आठवड्याभरात बोटांनी पुसलं जातं. मार्करनं थेट प्लास्टिकवर लिहिणंही बरं नाही. हे प्लास्टिक पातळ असतं आणि शाईतले उडून जाणारे द्रव त्यातून आत झिरपू शकतात. त्यासाठी जखमेच्या पट्टीला लावतात ती पांढरी कागदी टेप उत्तम. तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा फाडून टेबलावर चिकटवावा, त्यावर बॉलपेननं आधीच लिहून घ्यावं आणि मग उचलून बाटलीला लावावा. बाटलीवर टेप लावून वर लिहायला गेलं की बाटली दाबली जाते आणि अक्षरही वाकडं येतं.

टेप बाटलीभोवती पूर्ण गुंडाळू नये. खाली छापलेलं औषधाचं नाव, बॅच नंबर आणि एक्सपायरी झाकली जाते, औषध किती उरलं तेही दिसत नाही. टेपचं एक टोक बाटलीला चिकटवावं आणि उरलेला भाग दुमडून स्वतःवरच चिकटवून छोट्या झेंड्यासारखा बाहेर काढावा. लिहिलेलं त्या झेंड्यावर येतं. टोपणावर टेप लावू नये. दोन बाटल्यांची टोपणं अदलाबदल झाली की तारखाही बदलतात.

लिहायचं ते असं: मोठ्या अक्षरात ‘टाका ७/७’, खाली लहान अक्षरात ‘उघडली ९/६’. टाकायची तारीख मोठी, कारण रोज तीच वाचायची आहे. नुसती उघडल्याची तारीख लिहिली तर रोज कोणाला तरी डोक्यात हिशेब करावा लागतो, आणि रात्री झोपताना ड्रॉप्स घालणाऱ्या सत्तरीतल्या माणसानं तो करावा अशी अपेक्षा ठेवणं चूक आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दोन-तीन बाटल्या एकाच वेळी चालू असतात. तिथे प्रत्येक बाटलीच्या झेंड्यावर तारखेबरोबर ‘डावा’ किंवा ‘उजवा’ आणि दिवसातून किती वेळा, हेही लिहावं.

औषध उरलं तरी टाकायचं?

हो, टाकायचं. लोक सर्वांत जास्त अडतात ते इथेच, म्हणून आकडे पाहू.

एका मिलिलिटरमध्ये साधारण २५ ते ३० थेंब येतात. औषध किती घट्ट आहे आणि भोक केवढं आहे यावर तो आकडा थोडा वरखाली होतो. ५ मिलिलिटरची बाटली म्हणजे १२५ ते १५० थेंब. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा एकेक थेंब म्हणजे रोज चार, आणि २८ दिवसांत ११२. वाया जाणारे थेंब धरले तर बाटली जवळजवळ बरोबर संपते. पण औषध एकाच डोळ्यात असेल तर लागतात ५६ थेंब, आणि अर्ध्याहून जास्त बाटली उरते. ही उधळपट्टी तुमची नव्हे, मापच मोठं आहे. अशा वेळी तेच औषध ३ किंवा २.५ मिलिलिटरमध्ये मिळतं का, हे केमिस्टला विचारावं. काही औषधांत मिळतं.

उलटंही होतं. बाटली अठराव्या दिवशीच संपली, तर सहसा दर वेळी दोन-दोन थेंब पडत असतात. डोळ्याच्या खालच्या खोबणीत एका थेंबापेक्षा जास्त मावत नाही, दुसरा थेंब गालावर येतो. खालची पापणी ओढून खोबण करायची, बाटली एक-दोन सेंटिमीटर वर धरायची आणि एकच थेंब सोडायचा. हात थरथरत असेल तर बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळाला टेकवावं. टोक डोळ्यापासून दूर राहतं आणि नेम चुकत नाही.

फ्रीजमुळे तारीख पुढे जात नाही

फ्रीजमध्ये ठेवलं म्हणून अठ्ठावीसचे चाळीस दिवस होत नाहीत. थंडीत जंतू सावकाश वाढतात, पण मरत नाहीत. औषध फ्रीजमध्ये ठेवायचं की बाहेर, ते त्याच्या टिकाऊपणावर ठरतं आणि लेबलवर लिहिलेलं असतं. काचबिंदूचं लॅटानोप्रोस्ट हे याचं उदाहरण. त्याच्या बऱ्याच बाटल्या उघडण्याआधी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात आणि उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालतात. आता नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात घरातलं तापमान २५च्या कितीतरी वर असतं. तिथे उघडलेली बाटलीही फ्रीजमध्येच ठेवलेली बरी, मात्र दारात नाही, मधल्या कप्प्यात, छोट्या झाकणाच्या डब्यात. बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवू नये. गोठलेले ड्रॉप्स परत वितळवून वापरायचे नसतात.

तारखेआधीच टाकायची वेळ

काही वेळा झेंड्यावरची तारीख यायच्या आधीच बाटली टाकावी लागते. टोक पू आलेल्या डोळ्याला लागलं, टोपण रात्रभर उघडं राहिलं, बाटली तोंडाकडून जमिनीवर पडली, औषधाचा रंग बदलला किंवा आत कण तरंगताना दिसले, तर नवी काढावी. डोळे आल्यावर दिलेली बाटली डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे झाले की टाकावी, मग आठच दिवस झाले असले तरी. ती बाटली घरातल्या दुसऱ्या कोणाच्याही डोळ्यात जाऊ नये. उरलेल्या ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असेल तर धोका आणखी वाढतो. पुढच्या वेळी डोळा लाल झाला तो नागिणीच्या कुळातल्या विषाणूमुळे असेल, तर स्टेरॉइडनं बुबुळावरची जखम चिघळते. न विचारता बरेच दिवस घातलं तर डोळ्यातला दाबही वाढतो.

तारीख लिहायचीच राहिली असेल तर बिल शोधावं. बाटली विकत घेण्याआधी उघडली गेली नसणार, एवढं नक्की. बिलाच्या तारखेत २८ दिवस मिळवून येणारी तारीख झेंड्यावर लिहावी. ती थोडी अलीकडची येईल, पण सुरक्षित बाजूची असेल. बिलही नसेल तर ती बाटली संपली असंच समजावं.

काचबिंदूच्या रुग्णाला एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. तारीख संपली, रात्रीचे अकरा वाजलेत, दुकान बंद आहे आणि घरात दुसरी बाटली नाही, म्हणून स्वतःच्या मनानं चार-पाच दिवस औषध बंद ठेवू नये. दाब वाढल्यानं डोळ्याच्या नसेचं होणारं नुकसान भरून येत नाही. डॉक्टरांना फोन करून आजच्या थेंबाचं काय करायचं ते विचारावं आणि सकाळी नवी बाटली आणावी. ही वेळच येऊ नये म्हणून पुढची सीलबंद बाटली ठरलेल्या वाराच्या आठवडाभर आधी घरात असावी. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला मात्र ही ढील नाही, तिथे तारीख उलटलेला थेंब घालूच नये.

सगळ्याच ड्रॉप्सना २८ दिवस लागू नाहीत, हेही ध्यानात असू द्या. जंतुरोधक रसायन नसलेल्या एकदाच वापरायच्या छोट्या कुप्या उघडल्यावर त्याच वेळी वापरून टाकायच्या असतात, टोपण परत बसत असलं तरी. उलट, हवा आत जाऊ न देणाऱ्या खास झडपेच्या काही बाटल्या दोन-तीन महिने किंवा त्याहून जास्त चालतात. लेबलवर जो आकडा असेल तो धरावा आणि त्याच रीतीनं झेंडा लावावा.

सिरपच्या बाबतीत

लेबलवर ‘उघडल्यापासून २८ दिवस’ असं असेल तर मोजायची आणि लिहायची रीत वरचीच. इथेही अडचण मापाची होते. १०० मिलिलिटरची बाटली आणि रोज एकदा २.५ मिलिलिटर, म्हणजे २८ दिवसांत ७० मिलिलिटर संपतं आणि ३० उरतं. ते टाकायचं. ६० मिलिलिटरची बाटली मिळत असेल तर चोवीस दिवसांनी नवी उघडावी, वाया काहीच जात नाही.

सिरप बिघडतं ते बहुधा तोंडाशी. बाटलीला तोंड लावून पाजणं, बाळाच्या तोंडात गेलेला ड्रॉपर न धुता परत आत बुडवणं, मापाच्या टोपणात उरलेलं औषध पुन्हा बाटलीत ओतणं, या तिन्हींमुळे लाळ आत जाते. गळ्याशी साखरेचा थर जमला की टोपण नीट बसत नाही. दर वेळी स्वच्छ ओल्या फडक्यानं तोंड पुसून टोपण घट्ट लावावं.

सर्वांत मोठी चूक होते ती पावडरच्या सिरपमध्ये. लहान मुलांची बरीच अँटिबायोटिक्स बाटलीत पावडर म्हणून येतात आणि घरी उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून ती तयार करतात. त्यांना २८ दिवस लागू नाहीत. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडचं मिश्रण पाणी घातल्यापासून साधारण सातच दिवस, तेही फ्रीजमध्ये ठेवून, चालतं. इथे प्रश्न जंतूंचा कमी आणि औषधाचा जोर उतरण्याचा जास्त आहे. पाण्यात क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड भराभर विघटित होतं. त्यामुळे झेंड्यावर ‘उघडली’ऐवजी ‘पाणी घातलं’ ही तारीख लिहावी आणि ‘टाका’ समोर लेबलवरच्या दिवसांचा हिशेब. डोस दहा दिवसांचा असेल तर दुसरी बाटली कोरडीच ठेवून आठव्या दिवशी तिच्यात पाणी घालावं.

टाकताना उरलेलं औषध बेसिनमध्ये ओतू नये. चहाच्या चोथ्यात किंवा जुन्या कागदात ते शोषून घेऊन पिशवीत बांधावं, बाटलीवरचं लेबल फाडावं आणि घरातल्या घातक कचऱ्यात वेगळं द्यावं. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी मुदत संपलेली औषधं त्याच वर्गात घातली होती. नवी बाटली उघडायच्या आधी जुनी टाकावी. दोन्ही एका डब्यात राहिल्या की रात्री अंदाजानं हात जुनीवरच जातो.